आजोबांचं नाव फॉर्मवर ठेवू का?

*माझी मुलगी यंदा पहिलीत गेली. साडेबाराला शाळा सुटते. बालवाडीपासून तिला आणायला माझे सासरेच जातात. त्यांचं वय ७६, टपाल खात्यातून निवृत्त. सासूबाई नाहीत. नवरा नोकरीसाठी हैदराबादला, मी इथे बँकेत. गेल्या काही महिन्यांत बाबा विसरायला लागलेत. मागच्या महिन्यात ते भाजी घेऊन घरी आले आणि लेक भाजीवाल्या ताईंकडेच राहिली. त्याच तिला सोडायला आल्या. डॉक्टर म्हणाले, स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे. आता शाळेने नवे फॉर्म दिलेत. त्यात तीन आपत्कालीन संपर्क आणि मुलीला नेण्यास अधिकृत व्यक्ती लिहायच्या आहेत. नवरा म्हणतो, "बाबांचं नाव राहू दे. आणायला कामाच्या मावशी जातील. नाव काढलं तर ते खचतील." मला वाटतं, त्यांना न सांगता शाळेला गुपचूप कळवावं. आणि शेजारच्या काकू, मावशी, पुण्याची नणंद अशी सगळ्यांचीच नावं टाकून ठेवावीत का?*

*— एक आई, नाशिक*

तुमच्या यजमानांचं म्हणणं आधी घेते, कारण ते ऐकायला निरुपद्रवी वाटतं. नाव नुसतं कागदावर राहील, जाणार तर मावशीच. मी प्राथमिक शाळेत बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे हा कागद पुढे कुठे जातो ते मला माहीत आहे. तो कार्यालयात जातो, मुलीच्या फाइलला लागतो आणि काही अडचण येईपर्यंत कुणी तो उघडत नाही. फाटकावरच्या दादांनी तो पाहिलेलाही नसतो. त्यांच्याकडे दोनच गोष्टी असतात: समोरच्या माणसाचा चेहरा आणि त्याच्या हातातलं पालक-कार्ड. तुमच्या सासऱ्यांचा चेहरा त्यांना बालवाडीपासून पाठ आहे, आणि कार्ड बहुधा त्यांच्या सदऱ्याच्या खिशातच असेल.

आता असं समजा, एखाद्या दिवशी मावशींना यायला दहा मिनिटं उशीर झाला आणि बाबा आपले नेहमीप्रमाणे बारा-वीसला फाटकाशी उभे. दादा म्हणणार, "या आजोबा." वर्गशिक्षिकेला शंका आली आणि तिने यादी काढली, तरी यादीत नाव आहेच. म्हणजे प्रत्येक जण आपापलं काम चोख करील आणि मुलगी त्यांच्याबरोबर रस्त्यावर येईल. शाळेच्या दृष्टीने कागदावरचं नाव म्हणजे परवानगी. ते मान राखण्यासाठी ठेवलंय की खरोखर न्यायला, हे तिथे कुणाला कळण्याचा मार्ग नाही. तेव्हा नाव काढावं लागेल.

पण नाव काढलं की झालं, असं तुम्ही धरून चालला आहात, तेही पुरतं खरं नाही. या आजाराच्या सुरुवातीला कालचं बोलणं निसटतं, पण वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेलं काम बराच काळ टिकून राहतं. तुम्ही सोमवारी समजावून सांगाल, ते मान डोलावतील, आणि बुधवारी बारा वाजता चपला घालून निघतील. ही आडमुठेपणाची गोष्ट नव्हे. त्यामुळे "त्यांनी जाऊ नये" एवढीच व्यवस्था पुरणार नाही. ते एकटे गेलेच तर शाळेने काय करायचं, तेही ठरवून द्यावं लागेल. अशी पत्रं लिहिताना बहुतेक पालक नेमकी हीच ओळ विसरतात.

गुपचूप कळवण्याचा विचार मात्र सोडा. न सांगता केलेली गोष्ट त्यांना कळणारच, आणि ती फाटकावर कळेल, ओळखीच्या चार पालकांसमोर, ज्या दादांशी ते रोज रामराम करतात त्यांच्या तोंडून. घरातल्या घरात दुखावणं त्यापेक्षा कितीतरी बरं. सांगायचं कुणी, हाही प्रश्न आहे, आणि इथे मी स्पष्टच बोलते: हे सुनेनं सांगायचं काम नाही. मुलाने सांगावं, आणि फोनवर नव्हे. एखादा शनिवार-रविवार येऊन समोर बसून सांगावं. बाबा खचतील अशी काळजी त्याला वाटते ना, मग ती बोलणी त्यानेच करावीत. सांगताना "तुम्ही विसरता" असा पाढा वाचू नये. डॉक्टरांनी एकट्याने रहदारीत जायला मनाई केली आहे, म्हणून आता मावशी सोबत येतील, एवढं पुरे. डॉक्टरांशी आधी बोलून त्यांनाच पुढच्या भेटीत तसं सांगायला लावलंत तर उत्तम. टपाल खात्यातल्या माणसाला वरून आलेला लेखी आदेश कसा पाळायचा ते चांगलं कळतं. चिठ्ठीवर लिहून दिलंत तर ती ते जपूनही ठेवतील.

त्यांना नातीला आणण्यातून पूर्ण वगळायची गरज मला तरी दिसत नाही. चालवत असेल तोवर त्यांनी मावशींबरोबर जावं, फाटकाशी उभं राहावं, दप्तर हातात घ्यावं. मुलगी ताब्यात घेणार मावशी, कार्ड मावशींकडे, वाटेत हात मावशींचा. घरून बारा-दहाला दोघांनी मिळून निघायचं ठरवलंत, तर बाराला एकटं निघायची ओढही आपोआप भागेल. त्यांच्या खिशात नाव, पत्ता आणि तुमचा नंबर लिहिलेलं कार्ड मात्र आजपासून ठेवा.

आता फॉर्मकडे येऊ. त्यात दोन वेगळ्या याद्या आहेत आणि जवळजवळ सगळे पालक दोन्हीकडे तीच तीन नावं लिहितात. पहिली यादी आहे कुणाला फोन करायचा याची. दुसरी आहे मूल कुणाच्या हाती द्यायचं याची. दोन्हींना लागणारी माणसं वेगळी असतात. फोनच्या यादीतल्या माणसाने फोन उचलला पाहिजे आणि निर्णय घेता आला पाहिजे. नेणाऱ्याच्या यादीतला माणूस पंधरा-वीस मिनिटांत फाटकाशी पोहोचला पाहिजे आणि मुलीला त्याची चांगली ओळख पाहिजे.

तुमच्या घरच्या माणसांवर हे लावून पाहा. फोनच्या यादीत पहिलं नाव तुमचं, हे उघड आहे. पण तुम्ही काउंटरवर असताना मोबाइल ड्रॉवरमध्ये, आवाज बंद. बारा ते दोन ही बँकेतली गर्दीची वेळ, आणि शाळा नेमकी तेव्हाच सुटते. म्हणून तुमच्या मोबाइलच्या खालीच शाखेचा लँडलाइन नंबर लिहा आणि शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याला सांगून ठेवा. दुसरं नाव यजमानांचं. ते हैदराबादहून येऊ शकत नाहीत, पण मुलीला ताप भरलाय, दवाखान्यात न्यायचंय, कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, हे ते फोनवर सांगू शकतात. तिसरं नाव काकूंचं. नेणाऱ्यांच्या यादीत तुम्ही, मावशी आणि काकू. यजमान पालकच आहेत, ते नाशिकला असतील तेव्हा त्यांचं नाव तिथे असणं ओघानेच आलं.

नणंदेचं नाव दोन्हीकडे नको. पुण्याहून नाशिकला यायला चार-पाच तास जातात, तोवर शाळेची कडीसुद्धा लागलेली असते. त्या राहायला येतील तेव्हा त्या दिवसापुरतं कळवता येतं. सगळ्यांची नावं टाकून ठेवली की सुरक्षितता वाढते, हा समज उलटा आहे. यादी जितकी लांब, तितकं फाटकावरच्या माणसाला "नाही" म्हणणं अवघड. तीन माणसांचे चेहरे त्याच्या लक्षात राहतात. आठ नावं असली की तो नुसतं नाव विचारतो, आणि नाव काय, कुणीही सांगतो.

मावशींबद्दल तुम्ही पत्रात काही शंका काढलेली नाही, पण अशा पत्रांत ती अनेकदा ओळींच्या मागे असते. वर्षानुवर्षं घराची किल्ली ज्यांच्याकडे असते, त्यांचं नाव शाळेच्या कागदावर लिहिताना हात अडखळतो. माझा निकष साधा आहे: त्यांचं घर तुम्ही पाहिलंय का, मुलगी त्यांच्याजवळ मोकळेपणी वागते का, आणि त्यांचा फोन चालू असतो का. तिन्हींचं उत्तर होय असेल तर नाव लिहा. मात्र त्यांना आधी विचारा. रोज साडेबाराला शाळेत पोहोचणं म्हणजे त्यांचं दुपारचं दुसरं घर मागेपुढे होणार. हे वेगळं काम आहे, त्याचे वेगळे पैसे ठरवा. चहासोबत मागितलेली मेहेरबानी महिन्याभरात कंटाळवाणी होते आणि मग दांड्या सुरू होतात. काकूंनाही विचारायचंच. फॉर्मवर आपला नंबर आहे हे शाळेच्या फोनवरून पहिल्यांदा कळलेल्या काकू मी पाहिल्या आहेत.

शाळा दोघींचे फोटो आणि ओळखपत्राची प्रत मागेल. आधारची प्रत द्यायची झाली तर पहिले आठ अंक झाकलेली द्या. शेवटचे चारच अंक दाखवणारं आधार संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं. प्रतीवर आडवं लिहा: "फक्त शाळेतून विद्यार्थिनीस नेण्याच्या ओळखीसाठी", खाली तारीख. या प्रती वर्षानुवर्षं कपाटात पडून असतात, आणि माहिती तुमची नव्हे, दुसऱ्याची असते.

फॉर्म भरा, पण त्याला एक पत्रही जोडा. फॉर्मच्या चौकटीत आजोबांविषयीची सूचना मावणार नाही. मी असं लिहिलं असतं:

> प्रति,
> मा. मुख्याध्यापिका,
>
> विषय: आपत्कालीन संपर्क व पाल्यास नेण्यास अधिकृत व्यक्ती यांत बदल
>
> महोदया,
>
> माझी मुलगी … इयत्ता पहिली, तुकडी …, हजेरी क्रमांक … येथे शिकते. तिच्याबाबत यापूर्वी दिलेल्या सर्व सूचना रद्द समजून दि. … पासून पुढील सूचना ग्राह्य धराव्यात.
>
> संपर्काचा क्रम: १) आई, मोबाइल …, न उचलल्यास बँक शाखा …, २) वडील, मोबाइल …, ३) शेजारी श्रीमती …, मोबाइल …
>
> मुलीस नेण्यास अधिकृत: आई, वडील, श्रीमती … (घरकाम मदतनीस), श्रीमती … (शेजारी). दोघींची छायाचित्रे व ओळखपत्राच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.
>
> मुलीचे आजोबा श्री. … हे आतापर्यंत तिला नेत असत. प्रकृतीच्या कारणाने त्यांचे नाव मागे घेत आहोत. ते अधिकृत व्यक्तीसोबत आल्यास हरकत नाही. एकटे आल्यास मुलीस त्यांच्यासोबत पाठवू नये. त्यांना आदराने कार्यालयात बसवावे, एकटे परत जाऊ देऊ नये आणि मला लगेच फोन करावा. त्यांच्याकडील पालक-कार्ड सोबत परत करीत आहोत.
>
> रक्तगट …, ॲलर्जी …, बालरोगतज्ज्ञ डॉ. …, दूरध्वनी …
>
> आपली विश्वासू,

"यापूर्वीच्या सर्व सूचना रद्द" हे शब्द गाळू नका. शाळेत जुना कागद कुणी फाडत नाही. नवा त्याच्यावर लागतो, आणि दोन्ही खरे असल्यासारखे फाइलमध्ये नांदतात. आजाराचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. "प्रकृतीच्या कारणाने" एवढं शाळेला पुरतं, बाकीचं मुख्याध्यापिकांना तोंडी सांगा. "एकटे परत जाऊ देऊ नये" हे वाक्य मात्र हवंच. मुलगी दिली नाही म्हणून गोंधळलेला, कदाचित चिडलेला म्हातारा माणूस भर दुपारी रस्त्यावर निघाला, तर एक संकट टाळून दुसरं ओढवून घेतल्यासारखं होईल.

पत्राच्या दोन प्रती न्या. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख टाकून पोच घ्या. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेल्या निरोपाला पोच नसते, शिवाय तिथे आजोबांची गोष्ट चाळीस घरांत जाते. पोच घेतल्यावर वर्गशिक्षिकेला भेटा. तिच्या वहीत जुन्या नंबरांची वेगळी नोंद असते, कार्यालयातला बदल तिच्यापर्यंत आपोआप पोहोचेलच असं नाही. मग मावशींना घेऊन फाटकावरच्या दादांकडे जा आणि चेहरा दाखवा. सुटीची पाळी दुसऱ्या कुणाकडे असते का, तेही तिथेच विचारा. मुलगी पुढे कधी व्हॅनने जायला लागली तर व्हॅनवाल्या काकांना आणि मदतनीस ताईंना हीच यादी वेगळी द्यावी लागेल. शाळेची परिवहन समिती असते, तिच्याकडेही एक प्रत जाऊ द्या.

घरी आल्यावर एक तपासणी करा. शाळेच्या लँडलाइनवरून तिन्ही नंबरांवर एकेकदा फोन करायला सांगा. अनोळखी नंबर आपोआप गप्प करण्याची सोय अनेकांच्या मोबाइलमध्ये चालू असते आणि त्यांना ती आठवतही नसते. शाळेचे सगळे नंबर तिघांच्याही फोनमध्ये साठवले की हा घोळ टळतो.

मग राहतो तो आयत्या वेळचा बदल. मावशी आजारी, काकू गावाला, नणंद अचानक आलेली. साडेअकराला तुम्ही शाळेत फोन करून "आज आत्या येईल" म्हणालात, तर फोनवरचा आवाज तुमचाच आहे हे लिपिक कशावरून ओळखणार? शाळेशी आधीच ठरवून घ्या: बदल तुमच्या नोंदलेल्या नंबरवरून लेखी संदेशाने येईल, शाळा त्याच नंबरवर उलट फोन करून खात्री करील, आणि आलेली व्यक्ती ओळखपत्र दाखवील. ते जमलं नाही तर मुलगी कार्यालयात थांबेल, तुम्ही स्वतः पोहोचेपर्यंत. शाळेने अशा वेळी मुलीला अडवून ठेवलं तर रागावू नका. घाईत असलेल्या पालकांनी आरडाओरडा केला की पुढच्या वेळी लिपिक नियम सैल करतो, आणि ते मग सगळ्यांच्याच मुलांना लागू होतं.

मुलीलाही सांगायचं आहे, पण थोडंच. "आजोबा एकटे आले तर बाईंजवळ थांबायचं, बाई आईला फोन करतील." बस्स. आजोबा आजारी आहेत, तू त्यांच्याकडे लक्ष ठेव, असं सहा वर्षांच्या पोरीवर टाकू नका. तिला घरचा रस्ता येतो आणि आजोबांवर तिचा जीव आहे, म्हणूनच ती त्यांचा हात धरून निघण्याची भीती जास्त. कुणीही "आईने पाठवलंय" म्हणत आलं तर विचारायचा एक घरगुती परवलीचा शब्द ठरवून ठेवा. नातेवाइकांनाही तो मुलीने विचारायचा, हे तिला खेळासारखं आवडेल.

याच फॉर्मवर "वडिलांकडे मूल देऊ नये" असं लिहिता येईल का, असं विचारणाऱ्या वेगळ्या राहणाऱ्या मातांची पत्रंही माझ्याकडे आहेत, त्यांच्यासाठी इथेच सांगते. आजोबांचं नाव पालक काढू शकतात, कारण ते पालकांनीच दिलेलं असतं. दुसऱ्या पालकाचा हक्क मात्र एका पालकाच्या पत्राने जात नाही. न्यायालयाचा आदेश नसेल तर शाळा पेचात सापडते आणि बहुधा दोघांनाही बोलावून घेते. ताब्याचा आदेश कुटुंब न्यायालयातून मिळतो. घरात हिंसाचार असेल तर २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात. त्या आदेशाची प्रमाणित प्रत पत्राला जोडली की शाळेला त्याप्रमाणे वागावंच लागतं. आदेशात भेटीचे दिवस ठरवून दिले असतील, तर तेही पत्रात जसेच्या तसे उतरवा.

तुमचं पत्र एकदा दिलं की वर्षभर विसरण्यासारखं नाही. तुमची बदली, नंबर बदलणं, काकूंनी घर सोडणं, यांतलं काहीही झालं तर नवं पत्र द्या, पुन्हा तीच "यापूर्वीच्या सूचना रद्द" ही ओळ घालून. मावशींनी काम सोडलं तर हिशेब करतानाच कार्ड परत घ्या, आणि दुसऱ्या दिवशी शाळा उघडताच फाटकावर सांगा.